शटरखालचा धूर

वर्दी देणारा माणूस फोनवर हमखास एक वाक्य बोलतो. ‘साहेब, लवकर या, खूप धूर आहे.’ अग्निशमन दलातल्या माझ्या एकतीस वर्षांत ‘थोडा धूर आहे’ असं सांगणारा एकही भेटला नाही. त्याची चूक नाही. ज्याच्या घरातून धूर येतो त्याला तो खूपच वाटणार. पण ‘खूप’ या शब्दातून आम्हाला काहीच कळत नाही. पानाची टपरी धुराने गच्च भरली तरी ती एका बादलीत विझते. पण धूर एखाद्या मंगल कार्यालयाच्या हॉलभर पसरलेला दिसला, पातळ का असेना, तर समजायचं की आत कुठेतरी फार मोठं काहीतरी पेटलंय. धूर किती आहे हे नेहमी कशाच्या मानाने ते धरून बघायचं.

मी फायरमन म्हणून लागलो आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता सकाळी टेकडीवर जातो आणि संध्याकाळी नातवाचा अभ्यास घेतो. अजूनही रस्त्यात कुठे धूर दिसला की पाय थांबतात. बायको म्हणते, ‘चला, कुणीतरी पाला जाळतंय.’ ते मलाही कळलेलं असतं. पांढरा, सुस्त, जमिनीलगत लोळणारा धूर म्हणजे ओला पालाच. पण जी नजर एकदा बसली ती पेन्शनबरोबर जात नाही.

त्या नजरेबद्दलच लिहायचंय. गाडी जागेवर थांबते आणि जवान होज उतरवायला लागतात, त्या मधल्या अर्ध्या मिनिटात धुराकडे बघून आत काय चाललंय हे ठरवायचं असतं. सगळ्याच आगींचं सांगत बसत नाही. एकाच प्रकारच्या आगीचं सांगतो, कारण तिथे माणसं दगावतात, आणि मी स्वतः एकदा तिथेच चुकलोय. बंद शटरच्या आतली आग.

आधी एक घरगुती गोष्ट. आमच्या गावी आजी चुलीवर स्वयंपाक करायची. लाकडं ओली असली की पांढऱ्या धुराने घर भरायचं आणि जाळ काही दिसायचा नाही. मग ती फुंकणी तोंडाला लावायची. पहिल्या दोन फुंकरींना काही व्हायचं नाही, तिसरीला ‘भप्प’ असा आवाज होऊन चुलीच्या तोंडाशी जाळ उसळायचा. लहानपणी मला वाटायचं लाकूड पेटलं. खरं तर लाकडाच्या आधी धूर पेटायचा. ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांनी मेणबत्ती विझवून पाहावी. विझल्यावर वातीतून पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर जाते. त्या दोरीला इंचभर वर जळती काडी लावली की ज्योत दोरीवरून खाली उतरते आणि वात परत पेटते. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं मेण असतं.

धुराबद्दल इतकं समजलं तरी पुष्कळ झालं. धूर ही आगीची राख नाही. ते तिचं उरलेलं जळण आहे, हवेत तरंगणारं. त्यात काजळी असते, पाण्याची वाफ असते, लाकडाचे आणि प्लॅस्टिकचे तापून सुटलेले वायू असतात, आणि भरपूर कार्बन मोनॉक्साइड असतो. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण 2 ते साडेनऊ टक्के असला तरच पेटतो, त्याहून कमी किंवा जास्त असेल तर नाही. कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा साडेबारापासून 74 टक्क्यांपर्यंत आहे. म्हणजे गॅस गळला तर आपण खिडक्या उघडतो, दिव्याचं बटणही दाबत नाही, आणि धुराने भरलेल्या दुकानाचं शटर मात्र धाडकन वर करतो.

ते मी केलंय. नोकरीला चार वर्षं झाली होती. शहराच्या कडेला एक गोदाम होतं, खोक्यांचं आणि थर्माकोलचं. आम्ही पोहोचलो तेव्हा फटींतून थोडा धूर येत होता. मालक म्हणाला, ‘मघाशी केवढा होता, आता कमी झालाय.’ आम्हालाही तेच वाटलं, की आग मरतेय. कुलूप तोडलं आणि मी आणि अजून एकाने शटर छातीपर्यंत उचललं. काहीच झालं नाही. आत अंधार होता, वरच्या अंगाने धूर संथ बाहेर येत होता आणि पायांना गार वारा लागत होता, आत जाणारा. मी खाली वाकून बॅटरी मारली. पंधरा-वीस सेकंद गेली असतील. मग आतून खोल कुठूनतरी, पोटातून यावा तसा, एक हुंकार आला आणि सगळं गोदाम एकदम बाहेर आलं. मी वाकलेलो होतो म्हणून माझ्या फक्त भुवया आणि कानाची पाळी गेली. सोबतचा उभा होता. त्याचा उजवा हात बरा व्हायला चार महिने लागले, आणि दोन बोटं नीट मिटत नाहीत ती अजूनही. आम्ही क्वचित भेटतो. तो कधी त्याबद्दल बोलत नाही. मीही नाही.

त्या पंधरा-वीस सेकंदांचा अर्थ मला फार नंतर लागला. शटर उघडलं की गार हवा जड असल्यामुळे जमिनीवरून आत सरकते, पाण्यासारखी. गरम धूर तिच्या वरून बाहेर निघतो. ती हवा गोदामाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते, धुरात मिसळत मिसळत. तिथे कुठेतरी निखारा असतो. मिसळण योग्य झालेली हवा निखाऱ्यापाशी पोहोचेपर्यंतची ती शांतता. गोदाम जितकं खोल, तितकी ती लांबते. शटर उघडल्यावर लगेच काही झालं नाही म्हणून आत पाऊल टाकणारा माणूस नेमका तिच्यात पाऊल टाकतो. याला आमच्यात बॅकड्राफ्ट म्हणतात. मराठी शब्द मी तरी ऐकला नाही, आणि त्या वेळी तो उच्चारायला सवडही नसते.

आता ज्या रात्रीचं सांगायचं ती. बारा-तेरा वर्षं झाली असतील. पौषातली थंडी होती. पेठेतला जुना वाडा, खाली रस्त्याकडे गाळे, वर भाडेकरू, बाजूने जेमतेम चार फुटांचा बोळ. खालच्या एका गाळ्यात गाद्या-उशांचं दुकान होतं. वर्दी रात्री पावणेतीनला आली. शेजारच्या वाड्यातला एकजण पाणी प्यायला उठला होता, त्याला वास आला.

कोपऱ्यावर गाडी वळली तेव्हा मी ड्रायव्हरला जरा हळू घ्यायला सांगितलं. ही माझी सवय होती. दारात जाऊन उभं राहिलं की एकच बाजू दिसते, कोपऱ्यावरून दोन दिसतात. ज्वाळा कुठेच नव्हत्या. वाड्याच्या कौलांमधून ठिकठिकाणी पांढरट धूर झिरपत होता, हिवाळ्यात म्हशीच्या अंगातून वाफ निघावी तसा. वरच्या मजल्याच्या एका खिडकीतूनही तसाच, सुस्त. नवखा माणूस म्हणाला असता की आग वर आहे, छपरात, आणि नुकती लागलीय. आमच्या गाडीवरच्या एका पोराने तसं म्हटलंही.

पांढऱ्या धुराचा घोटाळा इथेच होतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की पांढरा धूर म्हणजे सुरुवात: वस्तू तापतेय, तिच्यातली ओल निघतेय. ते खरंच आहे. पण काळा कुळकुळीत धूरसुद्धा लांबचा प्रवास करून आला की पांढरा होतो. वाटेत लाकडाच्या फटी, माती, पोटमाळ्यावरचं अडगळीचं सामान यांतून तो गाळला जातो. काजळी तिथेच चिकटते, धूर गार होतो आणि बाहेर पडतो तो सोवळ्यात असल्यासारखा. त्यातून थंडीची रात्र असेल तर त्यातली वाफ बाहेर येताच दवासारखी जमते आणि तो आणखी पांढरा दिसतो. तेव्हा पांढरा आणि संथ म्हणजे एकतर आग नुकती लागलीय, नाहीतर ती लांब आहे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो एका खिडकीकडे बघून कळत नाही. दुसरं भोक शोधावं लागतं. आणि धूर पांढरा असून जोरात फेकला जात असेल तर मग शंका ठेवायची नाही. त्याच्या मागे कुठेतरी मोठी उष्णता ढकलतेय.

रंगाबद्दल अजून एक. रात्री रंगावर विसंबू नये. तेव्हा पेठांत पिवळे सोडियमचे दिवे होते आणि त्यांच्याखाली सगळाच धूर पिवळट दिसायचा. पिवळट-करडा धूर म्हणजे बंद जागेत कोंडलेल्या आगीची खूण, असं शिकवलेलं. मग पुण्यातली रात्रीची प्रत्येक आग तशीच! म्हणून मी पांढऱ्या उजेडाची बॅटरी जवळ ठेवायचो आणि धुरावर तिरपी मारायचो. शिवाय हल्ली घरात फोम, रेक्झिन, प्लॅस्टिकच इतकं असतं की पाचव्या मिनिटालाच धूर काळा होतो. आग पुढे गेल्याचं त्यावरून ठरत नाही. रंग ही साक्ष आहे, पण साक्षीदार बोलघेवडा आहे. धुराची चाल मात्र सहसा खोटं बोलत नाही.

तर चाल. मी गाळ्यापाशी गेलो, शटरच्या समोर न जाता बाजूने. शटर आणि ओटा यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिच्यातून धूर येत होता. बॅटरी मारली तर तो तपकिरी होता, पिवळसर झाक असलेला, दाट, गुळाच्या काकवीसारखा जड वाटणारा. ओट्यावर पसरला, मग थांबला. आणि मग परत आत गेला.

परत आत गेला, हे वाचताना विचित्र वाटेल. बघतानाही वाटतं. जिभेने चाटून घ्यावा तसा ओट्यावरचा धूर फटीत ओढला गेला. चार-पाच सेकंदांनी पुन्हा बाहेर ढकलला गेला. पुन्हा आत. शटर श्वास घेत होतं. जवळ कान नेला तर आत हवा जाताना बारीक शीळ ऐकू येत होती.

का होतं ते सांगतो. आतली आग हवेवाचून मंदावते. मंदावली की आतले वायू किंचित निवतात, आकसतात आणि बाहेरची हवा फटीतून ओढतात. ती हवा मिळाली की आग तेवढ्यापुरती जागी होते, वायू फुगतात आणि धूर बाहेर ढकलला जातो. मिळालेली हवा संपते, आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे आत उष्णता आहे, जळण आहे, फक्त हवा नाही. आणि हवा देण्याचं काम करायला बाहेर आम्ही हातात पहार घेऊन उभे.

नंतर एकदा मी त्या गाळ्याचं गणित मांडलं होतं, ते इथे सांगण्यासारखं आहे. गाळा 12 बाय 20 फूट, उंची 10 फूट. म्हणजे सुमारे 68 घनमीटर हवा, माल भरल्यावर त्याहूनही कमी. एक घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू वापरला तर साधारण साडेतीन मेगाज्यूल उष्णता निघते, जळणारी वस्तू कोणतीही असो, यात फारसा फरक पडत नाही. पण सगळा वापरलाच जात नाही. प्राणवायू 21 टक्क्यांवरून पंधराच्या आसपास आला की जाळ मान टाकतो. म्हणजे तिसरा हिस्साच कामाला आला: जेमतेम 80 मेगाज्यूल. एक किलो फोम जळताना सुमारे 25 मेगाज्यूल देतो. करा भागाकार. तीन किलो! गाद्यांनी छतापर्यंत भरलेल्या दुकानात हवा होती ती अर्धी सिंगल गादी जाळण्यापुरती. त्यानंतर आग विझली नाही, ती धुमसत राहिली आणि बाकीच्या गाद्यांना भाजत राहिली. भाजलेल्या फोमचे वायू खोलीत साठत गेले. रात्री साडेनऊला दुकान बंद झालं होतं. पाच तास.

म्हणून ‘धूर कमी झाला’ हे वाक्य मला अजून घाबरवतं. बंद जागेतली आग आधी वाढते, मग हवा संपते, मग बाहेर दिसणारा धूर कमी होतो. तिथपर्यंत ती मरणाऱ्या आगीसारखीच दिसते. फरक इतकाच की मरणाऱ्या आगीचा धूर आळसावलेला असतो, पातळ असतो आणि आत-बाहेर करत नाही.

शटरवर पुढची खूण शोधली. जुनी युक्ती आहे: मगभर पाणी शटरवर उंचावरून ओतायचं. खालच्या तीन फुटांत पाणी ओघळून ओलं राहिलं. त्याच्या वर ते बघता बघता वाळलं आणि त्यातून वाफ निघाली. ही रेष म्हणजे आतल्या गरम थराची खालची कड. म्हणजे थर कमरेपर्यंत उतरला होता. शटरच्या वरच्या पट्ट्यांवरचा निळा रंग फुगून फोड आले होते. वर एक काचेचा झरोका होता, त्याची काच आतून काळी, आणि ती कोरडी काळी नव्हती. तेल सांडल्यासारखी चिकट, ओघळ आलेली. धुरातले जड वायू गार काचेवर जमतात ते हे. पेटलेल्या खोलीच्या काचेमागे लाल-पिवळं काहीतरी हलताना दिसतं. इथे नुसता डांबरी पडदा.

पण आग गाळ्यात नेमकी कुठे आहे? यासाठी एका तांडेलाला, म्हणजे जवानांच्या म्होरक्याला, बोळातून मागे पाठवलं. हा माणूस माझ्यापेक्षा हुशार होता. बोलायचा कमी. मागच्या भिंतीला केबलसाठी पाडलेलं चारेक इंचांचं भोक होतं. तो परत आला आणि म्हणाला, ‘साहेब, भोकातनं काळा येतोय. पिचकारीसारखा. आत जात नाय, नुसता बाहेर.’

पुढे फट वीस फुटांवर, तपकिरी धूर, आत-बाहेर. मागे इवलंसं भोक, काळा धूर, एकाच दिशेने जोरात. वर पांढरा, संथ. एकाच आगीचे तीन धूर. ते शेजारी ठेवून वाचले की चित्र पुरं होतं: सर्वांत लहान भोकातून सर्वांत वेगाने आणि सर्वांत काळा जिथे, आग त्याच्या जवळ. मोठ्या खिडकीतून ढगच्या ढग येत असले तरी त्यांच्या मागे लागू नये. मोठ्या दारातून धूर आपल्या मर्जीने चालत बाहेर येतो. बारीक भोकातून त्याला कुणीतरी ढकलावं लागतं.

आणि तो तपकिरी रंग. कच्चं, रंग न दिलेलं लाकूड खूप तापलं की असा धूर सुटतो. गादीच्या दुकानात कच्चं लाकूड कुठलं? वर मान केली. तुळया. वाड्याचा मजला सागवानी तुळयांवर आणि फळ्यांवर होता. म्हणजे खालून वरच्या मजल्याची जमीन भाजली जात होती आणि वर दोन बिऱ्हाडं होती. हे लक्षात आल्यावर बाकी सगळं बाजूला. बोळातल्या जिन्याने चार जवान बीए सेट, म्हणजे पाठीवरची श्वासाची नळकांडी, लावून वर गेले. एक नवरा-बायको, दोन मुली आणि दुसऱ्या खोलीतल्या एकट्या आजी. मुलींना उलट्या होत होत्या. आजींनी पिशवी घेतल्याशिवाय यायला नकार दिला, म्हणून जवानाने पिशवीसकट त्यांनाच उचललं.

तेवढ्यात दुकानाचे मालक स्कूटरवरून आले, हातात किल्ल्यांचा जुडगा. सरळ शटरकडे निघाले. मी आडवा गेलो. ‘अहो, माझं दुकान आहे,’ ते म्हणाले, ‘माल जळतोय आतमध्ये, उघडा की!’ मी म्हटलं, ‘काका, माल जळत नाहीये. जळायची वाट बघतोय.’ त्यांना काही ते पटलं नाही. गर्दीतूनही आवाज आले की पाण्याची गाडी आणून नुसते उभे आहेत. त्यांचं बरोबर होतं, आम्ही नुसते उभे होतो. तसं उभं राहायला मला भुवया जाळून घ्याव्या लागल्या होत्या.

नेहमीचा उपाय म्हणजे वरून भोक पाडून कोंडलेला धूर मोकळा करायचा. इथे वर माणसांची घरं आणि लाकडी मजला, तेव्हा तो रस्ता बंद. म्हणून झरोक्याच्या खाली, शटरच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यात, टोकदार पहारेने भोक पाडायचं ठरलं. कटर नको म्हटलं, कारण त्याच्या ठिणग्या थेट त्या धुरात पडल्या असत्या. पहार मारतानाही एकजण तिच्यावर पाणी सोडत होता. सगळे बाजूच्या खांबाआड, समोर कुणी नाही, पाण्याच्या दोन लायनी भरून तयार. वीतभर भोक झालं आणि त्यातून धूर असा उसळला की पहार धरणारा मागे सरला. घुसळत, गोळे करत येणारा धूर, उकळत्या पाण्यासारखा.

या घुसळण्याबद्दल एक थांबून सांगतो. खोलीच्या भिंती उष्णता शोषत असतात तोवर धूर सरळ, गुळगुळीत, दोरीसारखा बाहेर येतो. भिंती तापून भरल्या, आणखी घेईनाशा झाल्या की सगळी उष्णता धुरातच राहते आणि तो असा खदखदायला लागतो. उघड्या दाराच्या खोलीत असा धूर दिसला तर फ्लॅशओव्हर, म्हणजे अख्खी खोली एका दमात पेटणं, दारात उभा असतो. छताखाली 500-600 अंश झालेलं असतं. पण भिंत कशाची आहे यावर पुष्कळ अवलंबून. वाड्याच्या दोन-दोन फुटी विटा-मातीच्या भिंती फार वेळ उष्णता पितात. प्लायवूड आणि जिप्समच्या नव्या ऑफिसात हीच खदखद काही मिनिटांत येते. त्या जाड भिंतींच्या गाळ्यात धूर असा घुसळत होता, यावरूनच पाच तासांचा अंदाज मला यायला हवा होता. तो सकाळी आला.

भोकातून ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची नळी, घातली आणि फवारा करून, वरच्या दिशेने, दोन-तीन सेकंद पाणी. बंद. ओल्या गोणपाटाने भोक झाकायचं. थांबायचं. पुन्हा. धो-धो मारायचं नाही, कारण आपल्याला आग विझवायची नव्हती, धूर गार करायचा होता. पहिल्या तीन-चार वेळा काही फरक दिसला नाही. मागे बोळातल्या भोकातूनही असंच चालू होतं. सातव्या की आठव्या वेळी शटरखालचा श्वास थांबला. धूर आत जायचा बंद झाला. मग रंग तपकिरीचा पांढरा झाला, आणि हा पांढरा मला ओळखीचा होता: हलका, वर जाताना विरणारा, हाताला ओला लागणारा. वाफ. धूर वर जाऊन बराच वेळ लोंबकळत राहतो, वाफ विरून जाते. इथेही घोटाळा होतो, कारण पाणी मारल्यावर सगळंच पांढरं दिसतं आणि लोक सुटकेचा श्वास टाकतात. तांडेलाने गोणपाट काढून मिनिटभर पाहिलं. घुसळणं नव्हतं. शटरवर पुन्हा पाणी ओतलं, या वेळी ते वरपर्यंत ओलं राहिलं.

मग काकांकडून किल्ली घेतली. शटर आधी फूटभर. मी मनात साठ मोजले, सगळे बाजूला. मग आणखी फूटभर. चाळीस मिनिटं गेली होती. गर्दीतले निम्मे लोक कंटाळून घरी गेले होते.

उजाडल्यावर आत गेलो. मागच्या भिंतीशी एक्स्टेंशन बोर्ड वितळून फरशीला चिकटला होता. त्याच्या आसपासच्या दोन-तीन गाद्या पुऱ्या जळाल्या होत्या. बाकीच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, जळालेल्या नव्हत्या, भाजलेल्या होत्या: वरून करपलेल्या पावासारख्या, बोट लावलं की चुरा होणाऱ्या. कमरेच्या उंचीवर भिंतीला सरळ काळी रेघ, खाली चुन्याचा पांढरा रंग तसाच. शटरवर पाणी वाळलेलं ती हीच रेघ. वरच्या दोन तुळया खोलवर कोळसा झाल्या होत्या. आणखी तासाभरात मजला खाली आला असता असं मला वाटलं, पण लाकडाचं नक्की सांगता येत नाही. जुना साग फार चिवट असतो.

आजी समोरच्या ओट्यावर कुणाच्या तरी शालीत गुंडाळून बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. चहा आला होता. मी विचारलं, ‘आजी, रात्री काही वास-बीस आला नाही का?’

‘इस्त्रीसारखा येत होता खरा,’ त्या म्हणाल्या. ‘आणि डोकं दुखत होतं. मला वाटलं थंडीचं.’ मग जरा लाजल्यासारखं करून म्हणाल्या, ‘मी खालीच झोपते हो. जमीन काल छान कोमट लागत होती. म्हटलं, आज बरं वाटतंय पाठीला.’